बोर्डाच्या मागून काढलेल्या फोटोत फेज कोणता, न्यूट्रल कोणता?

प्रश्न: इंदूरला राजवाड्याजवळ जुन्या घरात राहतो. बोर्ड उघडून मागून फोटो काढलाय. सॉकेटला वर हिरवी, डावीकडे लाल, उजवीकडे काळी वायर आहे. फेज उजवीकडे हवा ना? उलट जोडलंय का? स्विचच्या दोन्ही स्क्रूंवर काळ्या वायर आहेत.

उत्तर: सॉकेट उलट दिसत नाही. फेज उजवीकडे हा नियम समोरून बघताना, अर्थिंगचं मोठं भोक वर असताना लागू होतो. मागून पाहिलं की डावं-उजवं बदलतं, म्हणून तुमची लाल बरोबर जागी आहे. पण प्लेट खाली झुकवून फोटो काढला असता, तर अर्थिंग खाली आलं असतं आणि लाल उजवीकडेच दिसली असती. त्यामुळे कुठल्याही फोटोत आधी अर्थिंगचा स्क्रू शोधा आणि तो वर येईल असा फोटो फिरवा. बहुतेक सॉकेटच्या मागे स्क्रूंजवळ फेजसाठी एल, न्यूट्रलसाठी एन, अर्थसाठी ई ही अक्षरं उठवलेली असतात. फोटो मोठा करून तीही बघा.

मला खटकतोय तो स्विच. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. (नव्या उपकरणांच्या केबलमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी.) त्या हिशेबाने तुमचा फेज थेट सॉकेटला गेलाय आणि स्विच न्यूट्रलवर बसलाय. असा स्विच बंद केला तरी सॉकेटमध्ये फेज राहतो. इस्त्री थंड पडते, पण तिच्या आत करंट असतोच.

अर्थात वायर ओढणाऱ्याने काळीच फेज धरली असेल, तर स्विच बरोबर आणि सॉकेट उलटं निघेल. रंगावरून फक्त जोडणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. खरं काय ते टेस्टर सांगेल. मेन बंद करून प्लेट नीट बसवा, मेन चालू करा, सॉकेटमधून प्लग काढून टाका. चालू सॉकेटवर टेस्टर पेटतो ना, हे आधी पाहून घ्या. आता या बोर्डाचा स्विच बंद ठेवून समोरून उजव्या भोकात टेस्टर लावा. पेटला तर स्विच न्यूट्रलवर आहे. नाही पेटला तर स्विच चालू करा. डावं भोक पेटलं तर काळीच फेज आहे.

पहिला प्रकार निघाला, तर इलेक्ट्रिशियनला सांगा की आलेली लाल आधी स्विचला, तिथून लाल सॉकेटच्या एलला, आणि काळी सरळ एनला. काम पाच मिनिटांचं आहे, फक्त मेन बंद हवा.

हिरवीबद्दल मात्र फोटोही गप्प आणि टेस्टरही. ती स्क्रूला आहे एवढंच दिसतं. पुढे जमिनीपर्यंत पोचते का ते नाही. मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास येत असेल आणि फेज ते अर्थ बरंच कमी, तर अर्थिंग कुठेतरी तुटलंय. आणि एन व ईच्या स्क्रूंमध्ये छोटा तुकडा टाकून जोडलेलं दिसलं, तर तो आधी काढून घ्या. मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर फेज येतो.