प्रबंधात उतारा : घ्यावा किती, दाखवावा कसा?

पुस्तकातले ३०० शब्द किंवा १० टक्के मजकूर परवानगीशिवाय घेता येतो ना?

असा आकडा आपल्या कॉपीराइट कायद्यात नाही. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ संशोधन, टीका आणि समीक्षणासाठी रास्त वापराला मुभा देतं, पण शब्द मोजून देत नाही. १० टक्के येतात ते यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून. ते तुमच्या प्रबंधाच्या इतर लिखाणाशी असलेल्या साम्याचे आहेत, पुस्तकाच्या पानांचे नाहीत. ज्या ओळींवर तुम्ही स्वतः काही बोलणार आहात, तेवढ्याच घ्या. अख्खी कविता किंवा नकाशा घ्यायचा असेल, तर आधी मार्गदर्शकांशी बोला आणि प्रकाशकाला लिहा.

टायपिंगवाले शब्द बदलून साम्य १० टक्क्यांखाली आणून देतात. खाली संदर्भ दिला की चालेल ना?

नाही. पैसे मोजून चोरी पक्की करून घेण्याचा हा प्रकार आहे. समजा, मूळ वाक्य असं आहे :

“गिरणी बंद पडली तेव्हा चाळीतल्या बायकांनी खाणावळी वाढवल्या, पगार थांबला, पण चूल थांबली नाही.”

दुकानातून येतं ते असं : मिल बंद झाली तेव्हा चाळीतील स्त्रियांनी खाणावळी विस्तारल्या; वेतन थांबले, पण चूल थांबली नाही (पृ. ११२).

सांगाडा लेखकाचा, शेवटचे चार शब्दही जसेच्या तसे, आणि अवतरणचिन्ह कुठेच नाही. पृष्ठक्रमांक फक्त माहिती कुठली ते सांगतो, शब्द कुणाचे ते सांगत नाही. पुस्तक मिटून लिहा, म्हणजे असं होईल : गिरणीबंदीनंतर घरखर्चाचा भार खाणावळीवाल्या बायकांनी उचलला, लेखकाच्या शब्दांत, “चूल थांबली नाही” (पृ. ११२).

माझ्यासमोर आलेल्या एका प्रबंधात तर ओवीतल्या ‘माय’ची ‘जननी’ झाली होती, तीही अवतरणचिन्हांच्या आत! म्हणजे साम्य घटलं आणि पुरावा खोटा ठरला.

खरं तर श्रेय देऊन घेतलेलं अवतरण साम्याच्या हिशेबातून वगळावं, असं त्याच नियमांत आहे. मात्र साम्य मोजणारं काही सॉफ्टवेअर एकेरी चिन्हांना अवतरण मानत नाही. उताऱ्याला दुहेरी चिन्हं द्या आणि अहवाल ग्रंथपालांसोबत बसून वाचा. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका.

लांब उतारा कसा मांडायचा?

संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीत गद्य चार ओळींहून जास्त, एपीएत ४० शब्द किंवा अधिक असेल, तर वेगळा परिच्छेद करा, डावीकडून अर्धा इंच आत घ्या आणि अवतरणचिन्हं काढा. विद्यापीठाची नियमपुस्तिका वेगळं सांगत असेल, तर तीच पाळा.

मधला भाग गाळला तर? मुळात छपाईची चूक असेल तर?

गाळल्या जागी तीन टिंबं. तुमची भर चौकटी कंसात. चूक दुरुस्त करू नका. पुढे [मुळाप्रमाणे] लिहा.

लेखक १९६० मध्ये वारले. आता नाव दिलं नाही तरी चालेल?

त्यांचे हक्क २०२० अखेर संपले, श्रेय संपलं नाही. शिवाय हातातली आवृत्ती नंतर कुणी संपादित केली असेल, तर तिच्या प्रस्तावनेवर आणि टिपांवर हक्क असू शकतो. मुखपृष्ठामागचं पान ग्रंथपालांना दाखवा, आणि ते सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नको.