वामन आणि प्रांशू : एकाच ओळीतली दोन नावं

प्रश्न : आम्ही नागपूरचे. माझ्या आजोबांचं नाव वामन होतं. आता मुलाचं नाव प्रांशू ठेवायचं चाललंय, दोन्ही नावं विष्णुसहस्रनामात आहेत म्हणून. पण नावांच्या साइटवर दोन्हींपुढे अर्थ एकच, 'भगवान विष्णू'. मग फरक काय? आणि त्याच ओळीत शुचि आहे, ते तर मुलीचं नाव ना?

साइटवाल्यांनी नाव कोणाचं ते सांगितलंय, अर्थ सांगितलाच नाही. हजार नावांपुढे 'विष्णू' लिहिलं तर हजारही बरोबरच येतात, पण हाती काहीच लागत नाही. तुमची ओळ बघा :

उपेन्द्रो वामनः प्रांशुरमोघः शुचिरूर्जितः

या अर्ध्या श्लोकात सहा नावं आहेत, १५१ ते १५६, आणि सहाही आज माणसांची नावं आहेत. तुमच्या आजोबांचं नाव १५२वं आणि मुलाचं १५३वं, अगदी खेटून. आणि गंमत म्हणजे अर्थ एकमेकांच्या बरोब्बर उलट. वामन म्हणजे बुटका, ठेंगणा. प्रांशू म्हणजे उंच. अमरकोशात तर उंचाचे शब्द सांगताना प्रांशू येतो आणि त्याच ओळीच्या शेवटी 'वामन'ची यादी सुरू होते. कालिदासानेही रघुवंशाच्या सुरुवातीला ही जोडी वापरलीय, उंच माणसाच्याच हाताला लागणाऱ्या फळासाठी हात वर करणारा ठेंगू, म्हणजे 'प्रांशुलभ्ये फले लोभादुद्बाहुरिव वामनः'. म्हणजे ज्याला संस्कृत येत होतं त्याच्या कानाला ही दोन नावं शेजारी आली की ठेंगणा-उंच असंच ऐकू जात असणार.

मग एकाच देवाला दोन्ही कसं? शंकराचार्यांच्या सहस्रनामावरच्या भाष्यात याचं उत्तर आहे आणि मला ते फार आवडतं. बळीकडे तीन पावलं जमीन मागायला आला तो बटू वामन, आणि बळीने दानाचं उदक हातावर सोडल्याबरोब्बर तोच वाढून त्रिभुवन व्यापणारा झाला, तो प्रांशू. ते हरिवंशातली ओळ देतात, 'तोये तु पतिते हस्ते वामनोऽभूदवामनः', हातावर पाणी पडलं आणि वामनाचा अवामन झाला. म्हणजे १५२ आणि १५३ या नावांच्या मधे फक्त ते पळीभर पाणी आहे. आणि त्याआधीचा उपेंद्र म्हणजे अदितीच्या पोटी इंद्राच्या पाठीवर जन्मलेला, इंद्राचा धाकटा भाऊ, तोही हाच बटू, त्यामुळे तीन नावांत सगळी गोष्ट सलग येऊन जाते. तुम्ही नागपूरचे आहात तर रामटेकला गडावर जाताना त्रिविक्रमाची वाकाटक काळातली मूर्ती आहे, इसवी पाचव्या शतकातली, भंगलीय बरीच, पण तेच उंच झालेलं रूप. बाळाला घेऊन जाल तेव्हा मुद्दाम बघा, तो तुमचा प्रांशू आहे.

आता माणसाला नाव दिलं की काय होतं, तर गोष्ट मागे राहते आणि शब्द एकटा पुढे येतो. मग त्याला मराठीत जे नातेवाईक शब्द असतात त्यांचा रंग चढतो. वामनला मराठीत 'वामनमूर्ती' चिकटलेलं आहे, बुटक्या माणसाला आपण सर्रास म्हणतो, म्हणून आजोबांच्या पिढीत वामनराव घरोघरी होते आणि आता बारशाला कोणी सुचवत नाही असं माझं मत आहे. वास्तविक शंकराचार्य वामनचा आणखी एक अर्थ देतात, भजावा असा, पण तो मराठी कानापर्यंत पोचलाच नाही. उपेंद्रचंही तसंच, उपसरपंच उपमुख्यमंत्री ऐकून ऐकून लोकांना वाटतं उप म्हणजे डेप्युटी, आणि भाष्यात मात्र धाकटा भाऊ हा एक अर्थ आणि इंद्राच्याही वरचा हा दुसरा. अमोघला वक्तृत्व आणि बाण चिकटलेत, ऊर्जितला ऊर्जितावस्था. प्रांशूला मराठीत नातेवाईकच नाही, तो बोलण्यात कुठे येतच नाही, म्हणून तो नवा नि कोरा वाटतो आणि म्हणूनच साइटवर त्याचा अर्थ कोणालाही काहीही लिहिता येतो. 'अंशू' म्हणजे किरण हे ऐकू येतं म्हणून कोणी तेजस्वी सांगेल, पण वापरातला अर्थ उंच हाच धरा.

शुचीबद्दल. इथे एक साधी युक्ती आहे, नावाचं मूळ रूप ओळखायची. स्तोत्रात नावं संधी होऊन येतात, त्यामुळे 'शुचिरूर्जितः' वाचून कोणी 'रूर्जित' तोडतं. त्यापेक्षा नामावली बघा, जी तुळस वाहताना म्हणतात, तिथे प्रत्येक नाव सुटं आणि चतुर्थी विभक्तीत असतं. वामनाय, ऊर्जिताय असं 'आय' आलं तर मूळ नाव अकारांत. प्रांशवे आलं तर उकारांत. शुचये आलं तर इकारांत, शुचि. आणि शुचि हे विशेषण आहे, पवित्र, ते संस्कृतात पुरुषालाही शुचिः आणि स्त्रीलाही शुचिः. म्हणून विष्णूला चालतं आणि मुलीलाही चालतं, त्यात चूक काही नाही.

खरी गंमत साक्षी या नावाची, सहस्रनामात ते १५वं. नामावलीत 'साक्षिणे नमः' आहे, म्हणजे मूळ शब्द साक्षिन्, पुल्लिंगी, पाहणारा. स्त्रीसाठी संस्कृतात साक्षिणी होईल. पण मराठीत शेवटी ई ऐकू आली की आपण मुलगी समजतो, सखी, देवकी, तशी साक्षी, आणि आज साक्षी नावाचा मुलगा शोधून सापडायचा नाही. निधीही तसंच, ३०व्या 'निधिरव्ययः' या नावातला शब्द, संस्कृतात पुल्लिंगी, आणि आपण मराठीतही 'मदतनिधी जमा झाला' म्हणतो पण वर्गात मात्र 'निधी आली'. एकाच शब्दाला एकाच भाषेत दोन लिंगं, कोणालाच खटकत नाही. मला यात काही बिघडलंय असं वाटत नाही, नाव झालं की शब्द बोलणाऱ्यांच्या कानाप्रमाणे चालतो. फक्त 'साक्षी म्हणजे विष्णूची देवी' असं कोणी सांगितलं तर मानू नका, ते विष्णूचंच नाव आहे.

एक कामाचं राहिलं, जन्मदाखल्यावर लिहिताना. मराठी शुद्धलेखनाच्या नियमाने शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून प्रांशू, जसं विष्णू, गुरू. संस्कृत पाठात प्रांशु ऱ्हस्व दिसेल, ते तिथे बरोबर. तुम्ही दोन्हींपैकी काहीही ठेवा पण शाळेत, आधारवर, सगळीकडे एकच ठेवा, आमच्याकडे भाच्याच्या नावात असाच ऱ्हस्व-दीर्घ घोळ झाला आणि एका कागदासाठी तीनदा चकरा माराव्या लागल्या.