मैत्रिणीसोबत सलून: भागीदारीच्या करारात काय लिहून घ्यावं?

प्रश्न: मी आणि माझी मैत्रीण मिळून सलून काढतोय. तिचे ६ लाख, माझे २ लाख. ती नोकरी करते, सलूनमध्ये दिवसभर मीच असणार. नफा कसा वाटायचा, आणि उद्या एकीला बाहेर पडायचं झालं तर? करारात काय लिहून घ्यावं?

माझं नाशिकला पार्लर होतं, असंच मैत्रिणीबरोबर भागीदारीत. तीन वर्षं चाललं. करार दीड पानाचा होता आणि त्यातलं कामाचं वाक्य एकच: नफा-तोटा निम्मा निम्मा. त्यामुळे जे इथे लिहितेय ते बरंचसं हात पोळल्यावर कळलेलं आहे.

नफ्याची टक्केवारी नंतर ठरवा, आधी तुमचा पगार ठरवा. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि करारात काही लिहिलं नसेल तर तोच लागू होतो. त्यात भागीदाराला कामाचा मोबदला नाही, भांडवलावर व्याज नाही, आणि पैसे कमीजास्त घातले असले तरी नफा सारखा. म्हणजे तुम्ही दहा तास उभ्या राहिलात तर त्याचं वेगळं काही नाही, आणि तिने तिप्पट पैसे घातले तर त्याचंही नाही. दोघींवर अन्याय.

एक महिना मांडून बघू. समजा गल्ला १,८०,००० आला. भाडं, दोन मुलींचे पगार, प्रॉडक्ट, लाइटबिल जाऊन ७५,००० उरले. त्यातून आधी तुमचा पगार २५,०००. मग भांडवलावर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज: तिला महिन्याचे ६,०००, तुम्हाला २,०००. (आयकरात भागीदाराच्या व्याजाला १२ टक्क्यांपर्यंतच खर्च धरतात, म्हणून त्यावर जाऊ नका.) उरले ४२,०००. यावर फर्मला ३० टक्के कर आणि वर सेस, म्हणून साधारण १३,००० बाजूला. राहिलेले २९,००० निम्मे निम्मे, प्रत्येकी १४,५००. तुमच्या हातात ४१,५००, तिच्या हातात २०,५००. हेच भांडवलाच्या प्रमाणात, ३:१ वाटलं असतं तर कर भरायच्या आधीच तुम्हाला ७५,००० पैकी १८,७५० मिळाले असते. तेवढ्यात तर तुम्ही दुसऱ्याच्या पार्लरमध्ये नोकरी केलेली बरी.

पगाराचा आकडा किंवा तो काढायची पद्धत करारातच लिहा. करारात नसेल तर आयकरवाले तो खर्च मान्य करत नाहीत. आणि गल्ला कमी आलेल्या महिन्यात पगार पूर्ण घ्यायचा, अर्धा, की पुढे ओढायचा, हेही लिहा. पहिल्या पावसाळ्यात हा प्रश्न येतोच.

आता जबाबदाऱ्या. लोक लिहितात, ‘पहिली भागीदार तांत्रिक बाजू पाहील, दुसरी आर्थिक बाजू पाहील’. त्याला काही अर्थ नाही. आमचं भांडण झालं ते नवरीच्या मेकअपवरून. लग्नसराईत माझी मैत्रीण रविवारी बाहेरच्या ऑर्डरी घ्यायची. एकदा किटमधलं नवीन फाउंडेशन अर्ध्यावर आलेलं दिसलं. वहीत नोंद काहीच नाही. विचारलं तर म्हणाली, “अगं, ती माझ्या मावशीची ओळख होती, पार्लरची गिऱ्हाईक नव्हती.” तिच्या दृष्टीने ते खरंही होतं. भागीदाराने फर्मच्याच धंद्याशी स्पर्धा करून कमावलेला नफा फर्मला द्यावा असं कायदा सांगतो, पण ओळखीच्या ऑर्डरीला तो मैत्रिणीसमोर कोण काढून दाखवणार? तुमच्या करारात सरळ लिहा: बाहेरची प्रत्येक ऑर्डर सलूनच्या बिलबुकात येईल, सामान सलूनचं वापरलं तर रकमेतले अमुक टक्के सलूनचे, टीप जिची तिची. तिच्या बाजूने लिहायचं ते असं, की रोज रात्री गल्ला आणि यूपीआय जुळवून ती वहीवर सही करेल, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा मोठी खरेदी दोघींच्या होकाराशिवाय होणार नाही. एकीने फर्मच्या नावाने केलेली उधारी दुसरीच्या घरापर्यंत येऊ शकते, हे लक्षात असू द्या.

फारकतीचं कलम सगळ्यात मोठं असू द्या. मुदत लिहिली नाही तर कुठलीही एक जण लेखी नोटीस देऊन फर्म मोडू शकते. म्हणून पहिली दीड-दोन वर्षं कुणी निघायचं नाही आणि नंतर तीन महिन्यांची नोटीस, असं काहीतरी ठरवा. दोघींपैकी एक गेली की भागीदारी उरतच नाही, तेव्हा दुकान पुढे कोण एकटीने चालवणार आणि नाव कुणाकडे राहणार, तेही त्यात आलं पाहिजे.

हिशोब कसा करायचा ते उदाहरणासकट लिहा. तुमच्या ८ लाखांपैकी दीड लाख डिपॉझिट, साडेचार लाखांच्या खुर्च्या-मशिनी, दोन लाख इंटिरिअर असं धरू. दोन वर्षांनी इंटिरिअरचे शून्य. मशिनींचे दरवर्षी खरेदीच्या २० टक्के कमी करून २,७०,०००. डिपॉझिट १,५०,०००, बँकेत ६०,०००, माल ३०,०००. एकूण ५,१०,०००. यातून देणी वजा करा, आणि इथे सगळे एक देणं विसरतात: आगाऊ विकलेली पॅकेजं. सहा फेशिअलचे पैसे घेतलेत आणि दोनच झालेत, तर चार अजून कुणीतरी करून द्यायचे आहेत. अशी ७०,००० ची पॅकेजं आणि दुकानदाराचे २०,००० गेले की उरले ४,२०,०००.

म्हणजे भांडवलातले ३,८०,००० आटले. ते कुणाचे? वेगळं लिहिलं नसेल तर तोटा नफ्याच्याच प्रमाणात जातो, म्हणजे प्रत्येकी १,९०,०००. तिला परत ४,१०,०००, तुम्हाला फक्त १०,०००. भांडवलाच्या प्रमाणात धरलं तर तिला ३,१५,००० आणि तुम्हाला १,०५,०००. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली ते आजच ठरवा. मला विचाराल तर इंटिरिअर आणि मशिनींची झीज भांडवलाच्या प्रमाणात, बाकी तोटा निम्मा. पैसे एकरकमी मागू नका, बारा हप्ते ठरवा, नाहीतर राहणारीला दुकान विकावं लागेल.

जाणारीने किती अंतरात किती दिवस दुसरं सलून काढायचं नाही, हे भागीदारांना लिहिता येतं, फक्त ते वाजवी हवं. एक वर्ष आणि दोन किलोमीटर ठीक. ‘नाशिक जिल्ह्यात कधीही नाही’ टिकणार नाही. बुकिंगचा मोबाइल नंबर आणि इन्स्टाग्राम पेज फर्मच्या नावावर काढा. गाळ्याचं लीव्ह अँड लायसन्सही. आमचं तिच्या नावावर होतं, त्यामुळे माझ्या हातात शेवटी दोन खुर्च्या आणि एक स्टीमर आला.

स्टँप ड्युटी भांडवलावर साधारण १ टक्का लागते, पाचशेच्या स्टँपवर भागवू नका. करार झाल्यावर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी कराच. बिननोंदणीच्या फर्ममधल्या भागीदाराला करारातली कलमं पाळायला लावण्यासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. आणि ज्या दिवशी वेगळ्या व्हाल, त्या दिवशी रजिस्ट्रारला कळवा, राजपत्रात आणि एका मराठी पेपरात जाहीर नोटीस द्या. तोवर तिने केलेल्या उधारीला तुम्हीही बांधलेल्या असता.