पॅरिटी आहे, मग वर सीआरसी कशाला?

प्रश्न: आमच्या मॉडबस मीटरला इव्हन पॅरिटी लावली आहे, तरी प्रत्येक फ्रेमच्या शेवटी दोन बाइटचा सीआरसी येतोच. एक असताना दुसरा कशाला? आणि तो भागाकार करतात तरी कसा?

उत्तर: शाळेत गुणाकार तपासायला नऊचा ताळा करायचो, तो आठवतो? ६३ च्या जागी चुकून ३६ लिहिलं तरी ताळा जुळायचा, कारण दोन्हींना नवाने भागून बाकी शून्यच. तिथे सातने भागलं असतं तर ६३ ची बाकी ०, ३६ ची १, आणि चूक पकडली गेली असती. पॅरिटी आणि सीआरसी दोन्ही ताळेच आहेत, भाजक तेवढा वेगळा.

पॅरिटीत फक्त एकांची संख्या सम की विषम एवढंच पाहतात. `1101` मध्ये तीन एक आहेत, म्हणून इव्हन पॅरिटीचा बिट `1`. वाटेत एक बिट उलटला तर लगेच कळतं. दोन उलटले, समजा पहिले दोन, तर `0001` आणि पॅरिटी `1` पोहोचते. एक दोनच, म्हणजे सम. मीटर खुशाल "बरोबर आहे" म्हणतो.

आता कोणी म्हणेल, दोन बिट एकदम कुठे बिघडतात? कारखान्यात तेच होतं. ९६०० बॉडला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. शेजारचा कॉन्टॅक्टर सुटताना अर्धा मिलिसेकंद खरखर झाली तरी जवळजवळ पाच बिट तिच्या तडाख्यात सापडतात. त्यांपैकी सम उलटले की विषम, हे नाणं उडवल्यासारखंच.

सीआरसीत भाजक मोठा घेतात आणि वजाबाकीऐवजी एक्सॉर करतात: सारखे बिट असतील तर ०, वेगळे असतील तर १. हातचा वगैरे काही नाही. तोच `1101` घेऊ, भाजक `1011`. भाजक चार बिटांचा, म्हणून बाकी तीन बिटांची. तेवढी शून्यं आधी मागे जोडायची. मग भाजक दरवेळी डावीकडच्या पहिल्या एकाखाली ठेवत जायचं:

```
1101000
1011
-------
0110000
 1011
-------
0011100
  1011
-------
0001010
   1011
-------
0000001
```

बाकी `001`. शून्यांच्या जागी ती ठेवून `1101001` पाठवायचं. घेणारा पूर्ण सात बिटांना त्याच `1011` ने भागतो आणि बाकी शून्य येते का ते पाहतो. मघाचेच पहिले दोन बिट उलटवा: `0001001` येतं. त्यात भाजक एकदाच बसतो, `1001` एक्सॉर `1011`, बाकी `010`. पॅरिटीला चकवून गेलेली चूक इथे सापडली.

पण हाही ताळाच, त्यामुळे तो फसतो ते ठिकाणही ठरलेलं आहे. उलटलेल्या बिटांचा नमुना भाजकाच्या पटीत असला की बाकी शून्य येते. `1101001` चे `0001011` या नमुन्यात तीन बिट उलटवून `1100010` करा आणि भागून बघा, बाकी शून्य. गंमत म्हणजे ही चूक मघाची पॅरिटी पकडते: `1100` आणि पॅरिटी `1`, एक तीन.

म्हणून मॉडबसचा भाजक विचारपूर्वक निवडलेला आहे. `1011` मधले एक कुठल्या जागी आहेत ते जसं `x^3 + x + 1` असं लिहितात, तसं लिहिलं तर तो `x^16 + x^15 + x^2 + 1`. त्याला `x + 1` ने भाग जातो, आणि `x + 1` ने भागणं म्हणजे दुसरं काही नसून पॅरिटीच. त्यामुळे विषम संख्येने उलटलेले बिट तो सगळे पकडतो. मॉडबसच्या फ्रेमएवढ्या लांबीत कुठलेही दोन बिट उलटले तरी सुटत नाहीत, आणि सलग १६ बिटांपर्यंतचा घोळ तर हमखास सापडतो. १७ बिटांहून लांब घोळ निसटण्याची शक्यता अंदाजे ६५,५३६ मध्ये एक. माझ्या मते पॅरिटी इथे जवळजवळ नावापुरतीच उरते; तिचा फायदा इतकाच की बाइट बिघडला हे फ्रेम संपायच्या आत कळतं.

स्वतःचा कोड लिहीत असाल तर ही फ्रेम ताडून पाहा:

```
01 03 00 00 00 01 84 0A
```

सीआरसी `0A84` आहे, पण खालचा बाइट `84` आधी जातो. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. आणि सीआरसी चुकला तर मीटर एररही देत नाही, गप्प बसतो. तुम्हाला फक्त टाइमआउट दिसतो. पहिल्या फ्रेमपासून एकही उत्तर नसेल तर पत्ता, बॉड, पॅरिटी आणि बाइटांचा क्रम तपासा. अधूनमधून येत-जात असेल तर केबलकडे बघा. एका कारखान्यात मी दोन दिवस कोडमध्ये घातले. शेवटी लक्षात आलं की रीडिंग दरवेळी पंप बंद होतानाच चुकतंय. मीटरची वायर पंपाच्या पॉवर केबलला टाय मारून एकाच ट्रेमधून नेलेली होती.