गावी निघण्यापूर्वी साहेबांची पंधरा मिनिटं

महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. भाच्याची मुंज 20 एप्रिलला कुडाळला आहे, 18 ते 21 रजा हवी. 20 तारखेलाच जीएसटीचं मासिक रिटर्न, GSTR-3B, भरायचं असतं. साहेबांना भेटायची वेळ कशी मागू?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मुंजीच्या दिवसांत तिकीट टिकत नाही. म्हणून रजेचा शब्द तिकीट काढतानाच कानावर घालायचा, त्याला भेट लागत नाही. भेट हवी ती काम कोण, कधी करणार हे ठरवायला, आणि ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. 10-11 तारीख टाळा, तेव्हा विक्रीच्या रिटर्नची, म्हणजे GSTR-1 ची घाई असते.

निरोपात भेटीचा विषय, लागणारा वेळ आणि दोन पर्याय असू द्या: "सर, 18 ते 21 रजेवर आहे. त्या काळातल्या 3B चं नियोजन दाखवायचं आहे, पंधरा मिनिटं लागतील. सोमवारी चारला की मंगळवारी अकराला येऊ?" नुसतं "सर, थोडं बोलायचं होतं" लिहिलंत तर साहेबांना वाटतं, ही राजीनामा देणार.

भेटीत तारखांचा हिशोब मांडा. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, GSTR-2B, साधारण 14 तारखेला येते. म्हणजे 15 ते 17 हे तीनच दिवस हातात. त्यात खरेदीची बिलं 2B शी जुळवायची, जी दिसत नाहीत त्या पुरवठादारांना फोन करायचे, कराचा आकडा काढून चलन तयार करायचं. शक्य असेल तर 17 ला रिटर्न भरूनच निघा. अडतं बहुधा दोन जागी: बँकेत पैसे मंजूर करणारे साहेब, आणि फाइल करताना अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. तो स्वाक्षरीकर्ता मालक असेल आणि 17 ला दौऱ्यावर असेल, तर तुमची सगळी तयारी फुकट. म्हणून भेटीत मागायचं ते हेच: "17 ला दुपारी पैसे मंजूर करायला आणि ओटीपी सांगायला कोण असेल?" कंपनी डिजिटल सही वापरत असेल तर तो टोकन कुणाकडे आहे ते विचारा.

एखाद्या पुरवठादाराचं बिल 17 पर्यंत दिसलंच नाही तर त्यावरच्या कराचं क्रेडिट पुढच्या महिन्यात घ्यायचं, हेही तेव्हाच ठरवून टाका. नाहीतर तुम्ही मांडवात आणि फोनवर "ते बिल घ्यायचं का?" उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज, हा आकडा साहेबांसमोर एकदा सांगितला की ओटीपीची सोय लवकर होते.

वागळे इस्टेटमध्ये डिस्पॅच सांभाळतो. बहिणीच्या साखरपुड्याला सांगलीला जायचंय. स्टोअरमधला मित्र "तू जा, मी बघतो" म्हणाला. त्याला मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचा पासवर्ड देऊन टाकू का?

नको. आता लॉगिनला ओटीपीही लागतो, तो तुमच्याच फोनवर येणार, आणि त्यानं चूक केली तरी नोंद तुमच्या नावावर. पोर्टलवर कंपनीच्या खात्यातून त्याचा वेगळा सब-युजर काढता येतो. त्यात त्याचाच मोबाइल नंबर आणि लागेल तेवढेच अधिकार द्यायचे, तुम्ही परतलात की ते बंद. मुख्य खातं साहेबांच्या हाती असतं, म्हणून त्यांच्याकडे वेळ मागताना याच कामासाठी मागा, आणि मित्राला सोबत न्या. "मी बघतो" हे त्याच्या तोंडून साहेबांसमोर आलं की खरं. त्याच्या स्टोअरच्या इन्चार्जलाही कळलेलं बरं.

निघण्याआधी दोन-तीन बिलं त्याच्याच हातून काढून घ्या. नवा माणूस बिल काढतो, पण गाडी वाटेत बंद पडली की अडतो. माल दुसऱ्या गाडीत चढवला तर त्याच बिलावर गाडीचा नंबर बदलायचा असतो, नवं बिल काढायचं नसतं. मुदत साधारण 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी अडकून ती संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंतच वाढवता येते. एवढं त्याच्या वहीत लिहून द्या, बाकी तो निभावेल.

ऐरोलीत सपोर्ट टीममध्ये आहे. रजेसाठी भेट मागितली की मॅनेजर मॅडम "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो.

"बघू" म्हणजे नकार नव्हे, त्यांच्यापुढे निर्णय घेण्यासारखं काही आलेलं नाही. रोस्टर लागण्याच्या आधी ज्याच्याशी शिफ्ट बदलता येईल त्याची संमती घ्या, आणि मॅडमना ईमेल करा: कोणते दिवस, कोणती शिफ्ट, कोण घेणार. त्या सहकाऱ्याला सीसी ठेवा. रात्रीनंतर लगेच सकाळची शिफ्ट त्याच्या वाट्याला येत नाही ना, ते आधी तपासा. बदल बहुधा तिथेच नाकारला जातो. शेवटी लिहा: "रोस्टर शुक्रवारी लागतो, गुरुवारी पाच मिनिटं मिळतील का?"