त्रेचाळीस गोष्टींचे आजोबा

"पुढच्या महिन्यात आजोबा सत्तर वर्षांचे होतील. लहानपणी मी त्यांचं वय त्यांच्या गोष्टींवरून मोजायची. तेच एका पत्रात लिहून त्यांना द्यायचंय. पण तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. वाचताना श्रद्धांजली वाचतेय असं वाटतं. शिवाय हल्ली ते त्याच त्याच गोष्टी पुन्हा सांगतात. त्यांना विसरायला होत असेल, तर गोष्टींचाच विषय काढून मी नको तिथे बोट ठेवतेय का?"

बावीस वर्षांची ही मुलगी चौथा मसुदा मात्र न फाडता घेऊन आली होती. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी पेन्सिल घेतली आणि पानावरची फक्त क्रियापदं अधोरेखित केली. तुम्ही सांगायचात, तुम्ही हसवायचात, तुमचा आवाज असा असायचा. आजोबांबद्दलची जवळजवळ सगळीच वाक्यं 'यचात'वर संपत होती. पान मी तिच्याकडे सरकवलं. दोन ओळी वाचून ती म्हणाली, "पण ते तर दर रविवारी फोन करतात."

श्रद्धांजली नेमकी तिथून येत होती. म्हणून एकेका क्रियापदाला आम्ही एकच प्रश्न विचारला: हे खरंच थांबलंय का? तिचं त्यांच्या मांडीवर बसणं थांबलंय, ते भूतकाळातच राहील. त्यांचं गोष्ट सांगणं थांबलेलं नाही. मग 'सांगायचात'चं 'सांगता' झालं. गोष्टीत खोटं बोलायची वेळ आली की आजोबा आधी घसा साफ करतात. तेही वर्तमानात आलं, आणि लिहिता लिहिता ती पहिल्यांदा हसली. 'थोर', 'प्रेमळ', 'कष्टाळू' ही तीन विशेषणं तिने आपणहून खोडली. ती कुणाच्याही आजोबांना लावता आली असती.

विसरण्याची भीती मात्र पेन्सिलीने जाणार नव्हती. मी विचारलं, एकाच फोनमध्ये तीच गोष्ट दोनदा होते का? नाही. दोन-तीन आठवड्यांनी होते. सुरुवातीला "तुला सांगितलंय का मी हे?" असं म्हणतात? नेहमीच. "हो, सांगितलंय" म्हटलं तर? "मग शेवट तूच सांग, असं म्हणतात."

माणूस गोष्ट विसरत नाही, ती कुणाला सांगितली हे विसरतो. तरुणांचंही असं होतं, वय वाढलं की जास्त होतं. 'हे मला कुणी सांगितलं' ही आठवण जितकी पक्की राहते, तितकी 'हे मी कुणाला सांगितलं' ही राहत नाही, कारण बोलताना लक्ष सांगण्यात असतं, समोरच्या चेहऱ्यावर कमी. आजोबांना चार नातवंडं आहेत आणि चौघांनाही तेच फोन करतात, हे इथे धरायलाच हवं. मला काळजी कशाने वाटली असती, तर दहा मिनिटांत तोच प्रसंग पुन्हा सुरू झाला असता आणि आठवण करून दिल्यावरही त्यांना तो आठवला नसता. ओळखीच्या रस्त्यावर ते चुकू लागले असते. वर्षानुवर्षं स्वतः सांभाळलेले पैशांचे हिशेब काही महिन्यांत घोळात गेले असते. असं काही दिसलं, तर पत्र बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं. मी समुपदेशक आहे, निदान करणं माझं काम नाही, हेही तिला सांगितलं. तिने आईला विचारून पुढच्या वेळी खात्री करून आणली. तसं काहीच नव्हतं.

आता त्या मोजणीकडे. सहा वर्षांची असताना तिने आजोबांना वय विचारलं. ते म्हणाले, "जितक्या गोष्टी, तितका मी." तिने ते शब्दशः घेतलं. एका वहीत नवी गोष्ट ऐकली की एक उभी रेघ आणि शेजारी एक शब्द: 'पूर', 'चोर', 'तुटका दात'. जुनी गोष्ट पुन्हा झाली तर रेघ नाही. ती नऊ वर्षांची होईपर्यंत त्रेचाळीस रेघा झाल्या आणि पुढे नवी गोष्ट आली नाही. तेव्हा आजोबा सत्तावन्न वर्षांचे होते. तिच्या हिशेबाने मात्र ते त्रेचाळीसवर थांबले होते, आणि तिला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

मलाही वाटलं नाही. जाँ पियाजे यांनी १९४६ मध्ये मुलांच्या काळाच्या कल्पनेवर जे काम मांडलं, त्यात हे दिसतं. लहान मुलाला वर्षं दिसत नाहीत, उंची दिसते. म्हणून उंच तो मोठा, आणि ज्यांची उंची वाढायची थांबली त्यांचं वयही थांबलं. हिने उंचीच्या जागी गोष्टी घातल्या, एवढाच फरक. माप बदललं तरी तर्क तोच राहिला.

ती वही तिच्याकडे अजून होती. आम्ही शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या त्या गोष्टीत आजोबा किती वर्षांचे होते, त्याप्रमाणे टेबलावर मांडल्या. दहाच्या आतल्या नऊ. दहा ते तीस या वयातल्या सव्वीस. तीस ते पंचेचाळीसमधल्या सहा. त्यानंतरच्या फक्त दोन. ती म्हणाली, "म्हणजे ते तरुणपणातच अडकलेत."

तसं नाही. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आठवणी सांगायला लावा, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग सगळ्यात उंच निघतो. मानसशास्त्रात हा उंचवटा चांगलाच ओळखीचा आहे. याची कारणं एकाहून जास्त सांगतात. मला पटणारं हे, की पहिली नोकरी, पहिलं घर सोडणं, पहिली फजिती सगळी तिथेच असते, आणि 'मी कोण' हे माणूस त्याच वर्षांत ठरवतो. पुढची वर्षं रिकामी नसतात. त्यांच्यावरची धूळ कुणी विचारल्याशिवाय झटकली जात नाही, इतकंच.

तेहतीस ते अडतीस या वयातली एकही चिठ्ठी नव्हती. तिला साधारण माहीत होतं. त्या काळात आजोबांचं आणि त्यांच्या भावाचं बोलणं बंद होतं. "हे विचारू का पत्रात?" मी नको म्हटलं. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये लिहिलं होतं की उतारवयात आयुष्य पुन्हा चाळून पाहणं हे म्हातारचळ नसून स्वाभाविक काम आहे. पण त्याच लेखनात त्यांनी हेही मांडलं, की त्या चाळण्यातून कधी पश्चात्ताप आणि खिन्नता वर येते. ते दार आजोबांनी आतून उघडलं तर आत जावं. सत्तराव्या वाढदिवसाला बाहेरून धक्का देऊ नये.

मग उरल्या शेवटच्या दोन चिठ्ठ्या. त्यातली एक 'न झोपणारी मुलगी'. एका मुलीला तीन रात्री झोप येत नव्हती आणि एक माणूस तिला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत गच्चीवर चालत राहायचा, पावलं मोजत. मी सवयीने विचारलं, आजोबा किती वर्षांचे होते तेव्हा? "पन्नास," ती म्हणाली. मग तिने मनातल्या मनात वजाबाकी केली असावी, कारण ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ काही बोलली नाही.

पत्र तिने पुढच्या आठवड्यात लिहिलं. त्यातला भाग असा:

"आजोबा, माझ्या वहीप्रमाणे तुम्ही त्रेचाळीस वर्षांचे आहात. सगळे सत्तर म्हणतात. दोन्ही आकडे समोर ठेवले तर सत्तावीस गोष्टींचा फरक येतो.

पुराच्या गोष्टीत पाणी आधी गुडघ्यापर्यंत होतं. मी सात वर्षांची झाले तेव्हा ते कमरेपर्यंत आलं, आणि मागच्या रविवारी गळ्यापर्यंत. लहानपणी मला वाटायचं की नदी अजून चढतेय आणि तुम्ही तिथेच उभे आहात. आता मला कळतं की माझी उंची वाढली तसं तुम्ही पाणी वाढवलंत. नाहीतर मला भीती कशी वाटली असती?

एकेचाळिसावी रेघ न झोपणाऱ्या मुलीची आहे. ती मुलगी कोण, हे मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही घसा साफ केलात आणि 'होती कुणीतरी' म्हणालात. मी तेव्हाही तुमचं एक वर्ष वाढवलं. ती मी होते, हे मला मागच्या मंगळवारी कळलं.

उरलेल्या सत्तावीस मी मागत नाही. एकच विचारते. पहिल्यांदा चष्मा लावून घरी आलात, त्या दिवशी काय झालं?"

पुराच्या परिच्छेदावर आमची थोडी चर्चा झाली. पाणी कुठपर्यंत होतं हे तिला 'दुरुस्त' करायचं होतं. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, त्यामुळे खरी खोली आता बहुधा आजोबांनाही सांगता येणार नाही. वाढत्या पाण्याचं श्रेय त्यांना देण्याची कल्पना तिची. मी फक्त खोडरबर लपवलं. चष्म्याचा प्रश्न पंचेचाळिशीनंतरचा आहे, कारण तिकडे कुणी विचारलेलं नाही. शिवाय तो 'आठवतंय का?' असं विचारत नाही. त्या दोन शब्दांनी परीक्षा सुरू होते. आणि उत्तर द्यायचं नसेल, तर चष्म्याचा प्रश्न हसून सोडूनही देता येतो.

पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा घरच्यांचा आग्रह होता. तो तिने मोडला. मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहून, आदल्या संध्याकाळी हातात दिलं. चारचौघांत माणसाला कसा चेहरा करावा ते कळत नाही, आणि मग तो थट्टेवर नेतो.

आजोबांनी पत्र खिशात ठेवलं आणि दोन दिवस अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मला घाबरा फोन: "फार झालं का? त्यांना अवघडल्यासारखं झालं असेल?" अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली होती. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त केला आणि आनंदाचा कमी. हे मी तिला सांगितलं. तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी पत्र परत आलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "वही मागवून तपासली. सतरावी आणि एकतिसावी गोष्ट एकच आहे, चोर तोच. म्हणजे मी बेचाळीस. चष्म्याचं रविवारी सांगतो, तेव्हा त्रेचाळीस कर."