यूट्यूबच्या होमवर तेच तेच व्हिडिओ येतात, ‘नको’ दाबलं तरी थांबत नाहीत. सगळं नव्याने सुरू करायला दुसरं अकाउंट काढू का?

नका काढू. इतकं ठाम सांगतेय, कारण याच गोष्टीवरून माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं होतं आणि त्यात मनस्ताप झाला तो आईला.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरातला प्रत्येक जण तिच्याच फोनवर माहिती शोधत होता. सांधा कसा बदलतात, किती दिवसांत चालता येतं, ऑपरेशन बिघडलं तर काय होतं. ऑपरेशन उत्तम झालं, आई काठीशिवाय चालायला लागली. फोनवर मात्र तिचा गुडघा काही बरा होईना. होम उघडलं की ‘ही चूक केलीत तर पुन्हा ऑपरेशन’ अशा धाटणीचे मथळे आणि सुजलेल्या पायांची चित्रं. वर्षानुवर्षं ती शिवणकाम आणि भरतकाम बघत आलेली, ते सगळं मागे पडलं. रोज हे बघून ती जिना उतरायलाही घाबरायला लागली. डॉक्टर म्हणत होते चाला, आणि ती बसून राहायची.

दादाने तिला दुसरं अकाउंट काढून दिलं. “डोकं कशाला शिणवायचं? कोरं अकाउंट, कोरी सुरुवात,” हे त्याचं म्हणणं. त्यात आईने एकेक करून जमवलेल्या कटिंगच्या प्लेलिस्ट गेल्या, सबस्क्राइब केलेली चॅनलं गेली, टीव्हीवर जुनंच अकाउंट चालू राहिलं. आणि थोड्याच दिवसांत नव्या अकाउंटवरही गुडघेच दिसायला लागले. दादाचा निष्कर्ष असा की फोन आपलं बोलणं ऐकतो. मी म्हटलं, फोनचं राहू दे, आधी आईची वॉच हिस्टरी उघडून बघू.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या हिस्टरीतच आहे. यूट्यूबच्या इंजिनिअरांनी 2016 साली त्यांच्या शिफारशींच्या यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. लाइक-डिसलाइकसारखी उघड मतं फार थोडे लोक नोंदवतात, म्हणून ती यंत्रणा शिकवताना प्रत्यक्ष काय पाहिलं गेलं यावर भर दिला, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. क्रम लावतानाही क्लिकपेक्षा किती वेळ पाहिलं जाईल याचा अंदाज महत्त्वाचा धरला होता. तेव्हापासून यंत्रणा खूप बदलली, पण पाहण्याचं वजन आजही मोठंच आहे. आता आई काय करायची ते ऐका. भीतीदायक व्हिडिओ दिसला की ‘बघू तरी काय म्हणतोय’ म्हणून उघडायची, अर्ध्यापर्यंत बघायची, मग चिडून अंगठा खाली करायची. तिच्या मते तिने नापसंती कळवली. नोंद मात्र आधी ही झाली की हा विषय बाईंनी पुन्हा एकदा मन लावून पाहिला.

‘नको’चं बटण तोकडं पडतं हा तुमचा भ्रम नाही. मोझिला फाउंडेशनने 2022 मध्ये वीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या मदतीने हे तपासलं होतं. नकोशा व्हिडिओसारख्या पुढच्या शिफारशींपैकी किती टळतात, हे त्यांनी मोजलं. ‘Not interested’ने 11 टक्के टळल्या, डिसलाइकने 12, वॉच हिस्टरीतून तो व्हिडिओ काढल्याने 29 आणि ‘Don't recommend channel’ने 43. यूट्यूबचं यावर म्हणणं होतं की ही बटणं अख्खा विषय बंद करण्यासाठी नाहीतच. म्हणजे तुम्ही दाबता ‘हा व्हिडिओ नको’ आणि मनात असतं ‘हा विषय नको’. चॅनल बंद केलं की त्या चॅनलपुरतं काम चोख होतं, पण गुडघ्यावर बोलणारी दुसरी शंभर चॅनलं रांगेत असतातच. म्हणून एकेका व्हिडिओशी झुंजत बसण्यापेक्षा, हा विषय तुमचा आहे असं ज्या नोंदींवरून ठरतंय त्या नोंदीच घाऊक काढाव्यात.

आम्ही ते असं केलं. ब्राउझरमध्ये myactivity.google.com/product/youtube उघडलं. पाहिलेलं आणि यूट्यूबवर शोधलेलं, दोन्ही इथे तारीख-वेळेसकट दिसतं. लगेच पुसायला घेऊ नका, आधी वाचा. आईच्या हिस्टरीत आम्हाला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे पहाटे दोन-तीनच्या नोंदी, ओळीने गुडघ्याच्याच. आई रात्री काहीतरी लावून झोपी जायची आणि ऑटोप्ले कितीतरी वेळ एकामागून एक व्हिडिओ चालवत राहायचा. झोपेत ‘पाहिलेले’ हे व्हिडिओही हिस्टरीत रीतसर जमा होत होते. दुसरी म्हणजे टीव्हीवरून आलेल्या नोंदी. टीव्ही आईच्या जुन्या अकाउंटवर, आणि त्यावर दादाच व्यायामाचे आणि सांधेदुखीचे व्हिडिओ बघत होता. नवं अकाउंट का बिघडलं, तेही त्या अकाउंटच्या हिस्टरीत कळलं. तिथेही पहाटेच्या नोंदी होत्याच. फोनने काही ऐकलं नव्हतं.

मग जुन्या अकाउंटवर परत आलो आणि ‘Delete custom range’ने ऑपरेशन ठरल्यापासूनचा सगळा काळ पुसला. एवढाच तुकडा का? कारण त्याआधीची हिस्टरी शिवणकामाने भरलेली होती आणि तीच आम्हाला परत हवी होती. सगळं सरसकट पुसलं असतं तर चांगलंही गेलं असतं आणि होम पाहुण्यासारखं वागलं असतं, जे सर्वांना चालतं तेच दाखवत. नकोसा विषय ठराविक काळातच शिरला असेल, तर तो काळ कापून काढणं हा सगळ्यात चांगला उपाय. तो इतर गोष्टींत मिसळून गेला असेल तर वरच्या शोधचौकटीत त्या विषयाचा शब्द घालून नोंदी शोधा आणि एकेक पुसा. कंटाळवाणं आहे, पण काम होतं.

त्यानंतर लाइक केलेल्या व्हिडिओंची यादी चाळली, कारण हिस्टरी पुसली तरी लाइक तसेच राहतात. ऑपरेशनच्या दिवसांत घरच्यांनी भारावून जाऊन डॉक्टरांच्या मुलाखतींना लाइक दिले होते, ते काढले. त्याच काळातली सबस्क्राइब केलेली दोन-चार चॅनलंही काढली. गूगलवर त्याच अकाउंटने केलेल्या शोधांचाही शिफारशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून myactivity.google.com वर तोच काळ वेब आणि ॲपच्या नोंदींमध्येही पुसला. ऑटोप्ले फोनवर आणि टीव्हीवर वेगवेगळा बंद करावा लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नंतर काही दिवस आईने होमवर जे दिसेल त्यातलं न उघडता, शिवणकामाचे व्हिडिओ स्वतः शोधून शेवटपर्यंत बघितले. हिस्टरी पातळ झाली की नवं पाहिलेलं लवकर वर येतं, त्यामुळे हे दिवस वाया घालवू नका. कुतूहलाने काही उघडायचंच असेल तर ॲपमधला इन्कॉग्निटो वापरा, त्याची नोंद अकाउंटवर होत नाही.

फरक पडला की नाही हे होमवरूनच ठरवा. व्हिडिओ चालू असताना खाली किंवा बाजूला जी यादी येते ती बरीचशी त्या चालू व्हिडिओवर बेतलेली असते. एखादा गुडघ्याचा व्हिडिओ उघडून खाली गुडघेच दिसले म्हणून ‘काही उपयोग झाला नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. दादा नेमकं हेच करून मला दाखवत होता. आईचं होम हळूहळू बदललं. आधी जुन्या ओळखीची शिवणकामाची चॅनलं परतली, मग त्यांच्यासारखी नवी आली. गुडघे अधूनमधून डोकावायचे, तेव्हा न उघडता तिथल्या तिथे चॅनल बंद करायचं एवढंच तिला शिकवलं.

‘वॉच हिस्टरी कायमची बंदच करा’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. ऑगस्ट 2023 पासून, हिस्टरी बंद असेल आणि मागचंही फारसं काही शिल्लक नसेल, तर होमवर शिफारशीच येत नाहीत, जवळजवळ रिकामं पान दिसतं. ज्यांना शिफारशीच नकोत त्यांच्यासाठी हे छान आहे. तुम्हाला मात्र चांगल्या शिफारशी हव्यात, तेव्हा हिस्टरी चालू ठेवा आणि स्वच्छ ठेवा. जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची सोयही आहे, 3, 18 किंवा 36 महिन्यांची. आईसारख्या वर्षानुवर्षं एकाच छंदात रमणाऱ्या माणसाला 3 महिन्यांची मी लावणार नाही. ज्यांच्या आवडी भराभर बदलतात त्यांनी जरूर लावावी.

इन्स्टाग्रामवर आता ‘Reset suggested content’ असं थेट बटण आहे, कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये. तिथे ते वापरा. पण फॉलो केलेली खाती तशीच राहतात, ती हाताने काढावी लागतात.

एका बाबतीत दादाचं म्हणणं मान्य करते. एकच अकाउंट दोघं-तिघं वापरत असतील तर प्रत्येकाचं वेगळं हवंच, नाहीतर पुसलेलं आठवड्यात परत भरतं. पण मग वेगळं अकाउंट टीव्ही बळकावणाऱ्याने काढावं, ज्याच्या आवडी त्यात साठल्यात त्याने नाही. दादाने आता टीव्हीवर स्वतःचं लावलंय.

आणि पुसण्याआधी एक करा. पुसलेली हिस्टरी परत मिळत नाही, आणि अर्धवट पाहिलेला व्हिडिओ कुठवर आला होता ती लाल रेषही जाते. त्या काळातलं जे काही पुन्हा बघायचं असेल ते आधी प्लेलिस्टमध्ये टाकून ठेवा.